फंडाची तुलना नेमकी कोणाशी? बेंचमार्क आणि जाहिरातीतल्या आकड्यांबद्दल नेहमीचे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका विक्रेत्याने एक रंगीत चित्र टाकलं होतं. एका फ्लेक्सी कॅप म्युच्युअल फंडाचा हिरवा उंच खांब, त्यावर १६.८%. शेजारी करड्या रंगाचा बुटका खांब, त्यावर ‘निफ्टी १३%’. खाली बारीक अक्षरांत ‘५ वर्षे, दरसाल’. चार जणांनी अंगठे दाखवले, दोघांनी फॉर्म मागितला आणि एका काकूंनी मला विचारलं, “हे खरं का रे?” त्यांच्याशी आणि नंतर इतरांशी झालेल्या बोलण्यातून ही प्रश्नोत्तरं तयार झाली. फंडाचं नाव महत्त्वाचं नाही म्हणून दिलेलं नाही. आकडेही हिशेब सोपा जावा म्हणून थोडे गुळगुळीत केले आहेत, त्यामुळे ते उदाहरण म्हणूनच वाचावेत.

बेंचमार्क म्हणजे नक्की काय?

फंड मॅनेजरला पगार देऊन आपण त्याच्याकडून समभाग निवडून घेतो. त्याने काहीच डोकं न चालवता, ज्या बाजारात तो खरेदी करतो तो सगळा बाजार प्रमाणशीर विकत घेतला असता तर काय मिळालं असतं, याचं उत्तर म्हणजे बेंचमार्क. म्हणून योग्य बेंचमार्कची एकच खरी कसोटी आहे: फंड जिथे पैसे लावतो, तोच बाजार त्या निर्देशांकात आहे का? मिडकॅप फंडाला निफ्टी ५० शी ताडून पाहणं म्हणजे कबड्डीपटूची उंची बास्केटबॉलच्या संघाशी मोजण्यासारखं आहे. आकडा बरोबर येईल, पण त्यातून कळणार काही नाही.

मग ५ वर्षांत निफ्टीपेक्षा ३.८ टक्के जास्त म्हणजे फंड चांगलाच ना?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पुढच्या तीन-चार प्रश्नांत हेच ३.८ टक्के हळूहळू वितळताना दिसतील. १ लाख रुपयांवर बोलायचं तर १६.८ टक्क्यांनी ५ वर्षांत साधारण २ लाख १७ हजार होतात आणि १३ टक्क्यांनी १ लाख ८४ हजार. ३३ हजारांचा फरक. चित्र पाहणाऱ्याच्या मनात हाच आकडा बसतो.

निफ्टीचा आकडा तर वर्तमानपत्रातही तोच असतो. त्यात चूक काय?

वर्तमानपत्रात येणारा निफ्टी हा फक्त भावांचा निर्देशांक आहे. त्यातल्या ५० कंपन्या वर्षभरात जो लाभांश देतात, तो त्यात कुठेच धरलेला नसतो. तुमच्या फंडाला मात्र तो लाभांश मिळतो, आणि तो एनएव्हीत, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीत येतो. म्हणजे एकाच्या ताटात भाजीपोळी आणि वर भात, दुसऱ्याच्या ताटातून भात काढून घेतलेला, आणि वर म्हणायचं, बघा, आमचं ताट भरलेलं आहे.

लाभांश धरून मोजलेल्या निर्देशांकाला टोटल रिटर्न इंडेक्स, म्हणजे टीआरआय म्हणतात. निफ्टी ५० च्या कंपन्यांचा लाभांश बऱ्याच वर्षांत भावाच्या सव्वा ते दीड टक्क्याच्या आसपास राहिला आहे. त्यामुळे भावांचा निफ्टी १३% असेल, तर त्याचा टीआरआय साधारण १४.३% निघतो. ३.८ चे झाले २.५.

बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने ४ जानेवारी २०१८ च्या परिपत्रकाने फंडांना हे सक्तीचं केलं: १ फेब्रुवारी २०१८ पासून योजनेची कामगिरी टीआरआयशीच ताडायची. फंड कंपन्यांच्या अधिकृत पत्रकांत तो नियम पाळलेला दिसतो. पण विक्रेत्याने स्वतः बनवलेलं चित्र, यूट्यूबवरचा तक्ता, ॲपमधला ‘निफ्टीशी तुलना’ असा आलेख, यांत भावांचाच निफ्टी सर्रास वापरतात. नाव नुसतं ‘निफ्टी ५०’ असेल आणि शेजारी टीआरआय लिहिलेलं नसेल, तर भावाचा आकडा आहे असंच समजावं.

फ्लेक्सी कॅपसाठी निफ्टी ५० चा टीआरआय तरी चालेल का?

नाही. आणि सगळ्यात मोठी चोरी होते ती इथेच.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने योजनांची वर्गवारी ठरवून दिली. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिडकॅप, आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप. ही यादी फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी दर सहा महिन्यांनी नव्याने काढते. फ्लेक्सी कॅप फंडाला किमान ६५% पैसे समभागांत ठेवायचे असतात, पण ते मोठ्या, मधल्या की लहान कंपन्यांत, हे मॅनेजर ठरवतो. निफ्टी ५० मध्ये मात्र फक्त देशातल्या पन्नास बड्या कंपन्या आहेत.

आमच्या चित्रातल्या फंडाचं फॅक्टशीट उघडलं तर ५२% लार्ज, २८% मिड आणि २०% स्मॉल कॅप असा हिशेब होता. जवळजवळ अर्धे पैसे निफ्टीच्या बाहेर. अशा फंडासाठी निफ्टी ५०० किंवा बीएसई ५०० चा टीआरआय हा सर्वसाधारण बेंचमार्क, आणि या फंडाच्या स्वतःच्या कागदपत्रांतही निफ्टी ५०० टीआरआयच लिहिलेला होता. त्याचा ५ वर्षांचा आकडा, आपल्या उदाहरणापुरता, १६.४%. म्हणजे आघाडी उरली फक्त ०.४ टक्का. ज्या काळात मिड आणि स्मॉल कॅप जोरात धावले, त्या काळात त्यांत पैसे ठेवणारा कुठलाही फंड निफ्टी ५० ला हरवतो. त्यात मॅनेजरची निवड किती आणि नुसतं वाऱ्याच्या दिशेने बसणं किती, हे निफ्टी ५० शी तुलना करून कधीच कळणार नाही.

खरं सांगायचं तर निफ्टी ५०० ही या फंडासाठी अगदी चपखल मापपट्टी नाही. त्यात मोठ्या कंपन्यांचं वजन सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं, आपल्या फंडात ५२. अशा वेळी मल्टी कॅपसाठी असलेला ‘निफ्टी ५०० मल्टीकॅप ५०:२५:२५’ हा निर्देशांक, ज्यात लार्ज, मिड आणि स्मॉलचं वजन त्याच प्रमाणात असतं, जास्त जवळचा ठरतो. फ्लेक्सी कॅप फंड मिड-स्मॉलकडे कायम झुकलेला असेल, तर मी दोन्हींशी ताडून पाहतो.

पण चित्रातला १६.८% हा आकडा तरी खरा आहे ना?

खरा आहे, फक्त तो डायरेक्ट प्लॅनचा, म्हणजे थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या योजनेचा आहे. विक्रेत्याकडून घेतला तर तुम्हाला मिळतो रेग्युलर प्लॅन, ज्याच्या खर्चात विक्रेत्याचं कमिशन असतं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे हे दोन प्लॅन वेगवेगळ्या एनएव्हीने चालतात. या फंडात दोन्हींच्या खर्चातला फरक साधारण १ टक्का होता, म्हणून रेग्युलर प्लॅनचा परतावा १५.८%. तो निफ्टी ५०० टीआरआयच्या १६.४ पेक्षा ०.६ टक्क्याने कमी आहे.

आता पुन्हा १ लाखाचा हिशेब करू. काकूंच्या हातात रेग्युलर प्लॅनमधून साधारण २ लाख ८ हजार आले असते. निर्देशांकाने दिले असते २ लाख १३ हजार ७००. चित्रात ३३ हजारांची आघाडी होती, आणि प्रत्यक्षात साडेपाच हजारांची पिछाडी निघाली. चित्रातला एकही आकडा खोटा नव्हता, आणि मला वाटतं तेच जास्त वाईट. खोटा आकडा निदान पकडता तरी येतो.

निर्देशांकाला तर खर्चच नसतो. मग तुलना फंडावर अन्याय नाही का?

थोडासा आहे, हे मान्य. निर्देशांकाला ना दलाली, ना व्यवस्थापन शुल्क. म्हणून मी शेवटी आणखी एक तुलना करतो: त्याच निर्देशांकाचा इंडेक्स फंड, त्याचा डायरेक्ट प्लॅन. तो तुम्ही खरोखर विकत घेऊ शकता. त्याचा खर्च फारसा नसतो, त्यामुळे तो टीआरआयपेक्षा किंचित मागे राहतो. तुमचा सक्रिय फंड त्या इंडेक्स फंडाच्याही मागे असेल, तर मॅनेजरला आपण नेमके कशाचे पैसे देत आहोत, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

‘गेल्या एका वर्षात ९०%’ असं लिहिलेलं असतं. ते पण खोटंच का?

खरं असू शकतं. मार्च २०२१ मध्ये असे आकडे पावसासारखे पडत होते. कारण सोपं होतं. २३ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या तोंडावर, निफ्टी ७,६१० वर बंद झाला. बरोबर वर्षाने तो १४,८०० च्या आसपास होता. काहीही न करता ९४ टक्के. पण मोजायची सुरुवात दहा आठवडे आधी, १४ जानेवारी २०२० ला करा. तेव्हा निफ्टी १२,३६० च्या आसपास होता. तिथून १४ महिन्यांत वाढ निघते साधारण २० टक्के. बाजार तोच, शेवटची तारीख तीच, फक्त सुरुवात बदलली.

म्हणूनच फंड कंपन्यांच्या अधिकृत जाहिरातीत १, ३ आणि ५ वर्षे आणि योजना सुरू झाल्यापासून असे सगळे कालावधी, जाहिरातीच्या आधीच्या महिनाअखेरपर्यंत मोजून, बेंचमार्कसह द्यावे लागतात. एकच सोयीचा कालावधी मोठ्या टायपात दिसला आणि बाकीचे सापडेनात, तर तो सापडलेला आकडा मी मोजतच नाही.

यातही ‘सुरुवातीपासून’ या रकान्याकडे जरा संशयाने पाहावं. एप्रिल २००३ मध्ये सेन्सेक्स ३,००० च्या जवळपास होता, जानेवारी २००८ मध्ये तो २१,००० ला टेकला. त्या वाटेवर आधीच चालू असलेल्या फंडांचा ‘सुरुवातीपासून’चा आकडा पुढे बरीच वर्षं देखणा राहतो, मधल्या दहा वर्षांत फंडाने काहीही केलेलं नसलं तरी.

‘३ वर्षांत ५२%’ आणि ‘दरसाल १५%’ यात चांगलं कोणतं?

दोन्ही एकच आहेत. दरसाल १५ टक्के चक्रवाढीने ३ वर्षांत ५२ टक्के होतात. जिथे मोठा आकडा हवा तिथे एकूण वाढ छापायची, आणि बेंचमार्कचा आकडा मात्र दरसालचा ठेवायचा, हा प्रकार मी फार वेळा नाही, पण पाहिला आहे. दोन्ही बाजूंना एकच माप आहे ना, एवढं बघा.

हायब्रिड फंडाच्या जाहिरातीत ‘बाजार २०% पडला, आम्ही फक्त १२%’ असं असतं. हे चांगलंच नाही का?

ऐकायला छान वाटतं. पण ॲग्रेसिव्ह हायब्रिड फंडात ६५ ते ८० टक्केच पैसे समभागांत असतात, बाकीचे रोख्यांत. समजा ६५ टक्के समभागांत होते. बाजार २० टक्के पडला तर तेवढ्या भागाने फंड १३ टक्के खाली जाणार. उरलेल्या ३५ टक्क्यांवर रोख्यांनी ७ टक्के दिले, तर सुमारे अडीच टक्के परत आले. म्हणजे काहीही शहाणपणा न दाखवता फंड साडेदहा टक्के पडायला हवा होता. पडला १२. ‘फक्त १२’ म्हणजे अपेक्षेपेक्षा दीड टक्का वाईट.

या फंडांसाठी समभाग आणि रोखे ६५:३५ प्रमाणात मिसळलेले तयार निर्देशांक आहेत, आणि योजनेच्या कागदपत्रात त्यांचंच नाव असतं. हायब्रिड फंडाची तुलना निफ्टीशी घसरणीत आणि एफडीशी तेजीत करायची, ही जाहिरातवाल्यांची जुनी सवय आहे. दोन्ही वेळा फंडच जिंकतो.

परदेशी समभागांचे फंड?

एकच गोष्ट पाहा: बेंचमार्क रुपयांत मोजलाय की डॉलरमध्ये. फंडाची एनएव्ही रुपयांत असते आणि रुपया घसरला की ती आपोआप वर जाते. बेंचमार्क डॉलरमध्येच ठेवला, तर रुपयाची घसरणही मॅनेजरच्या खात्यावर जमा होते.

नवीन योजनेचा एनएफओ आलाय. तिचा इतिहासच नाही, तरी पत्रकात २००५ पासूनचा निर्देशांक दाखवलाय. कसं काय?

हा बारकावा फार कमी जणांना माहीत असतो. निर्देशांकाला दोन तारखा असतात. एक आधार तारीख, जिथून गणित सुरू केलं. दुसरी, तो प्रत्यक्षात जाहीर झाला ती. निफ्टी २०० मोमेंटम ३० घ्या. तो जाहीर झाला २०२० मध्ये, पण त्याची आधार तारीख आहे २००५. मधल्या पंधरा वर्षांचे आकडे मागे जाऊन, तेच नियम जुन्या भावांवर चालवून काढलेले. यात गैर काही नाही, पण कुणी त्या काळात त्या निर्देशांकात प्रत्यक्ष पैसे लावलेले नव्हते. आणि नियम ठरवणाऱ्यांना ते नियम आधी चालले असते हे ठाऊक असतं. जे चालले नसते त्यांचे निर्देशांक बाजारात येतच नाहीत. म्हणून पत्रकात निर्देशांक सुरू झाल्याची तारीख शोधा, आणि त्याच्या आधीचा आलेख बोटाने झाकून उरलेला बघा. कधी कधी फारच थोडा उरतो.

योजनेचा बेंचमार्क बदलला असेल तर?

कारण पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये सेबीने मल्टी कॅप फंडांना लार्ज, मिड, स्मॉल प्रत्येकात किमान २५ टक्के ठेवायला सांगितलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लेक्सी कॅप हा वेगळा वर्ग आणला. अनेक जुने मल्टी कॅप तेव्हा फ्लेक्सी कॅप झाले. अशा बदलात खोट नाही. पण वर्ग तोच, धोरण तेच आणि फक्त बेंचमार्क सौम्य झाला, तर कपाळावर आठी पडायला हवी. शिवाय २०१७-१८ च्या वर्गवारीत ज्या योजनांचा स्वभावच बदलला, त्यांच्या जुन्या परताव्याला आजच्या बेंचमार्कशी जोडण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट चांगली झाली. ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने सेबीने वर्गाचा एक सामायिक पहिला बेंचमार्क ठेवायला लावला. कंपनीला हवा तर मॅनेजरच्या शैलीला जुळणारा दुसरा वेगळा देता येतो. त्यामुळे बेंचमार्क निवडण्यातली मोकळीक बरीच कमी झाली. पत्रकात दुसराच मोठा आणि पहिला बारीक दिसला, तर पहिला शोधून काढा.

मी घरी बसून हे कसं तपासू?

फंड कंपनीच्या वेबसाइटवरून योजनेचं फॅक्टशीट उतरवा. त्यात बेंचमार्कचं नाव, लार्ज-मिड-स्मॉलचं प्रमाण आणि दोन्ही प्लॅनचे परतावे असतात. एनएव्हीचा इतिहास ॲम्फीच्या amfiindia.com वर मिळतो, आणि निफ्टीच्या निर्देशांकांचे टीआरआय आकडे niftyindices.com वर. तारखा दोन्हीकडे सारख्या घ्या आणि एक्सेलमध्ये हे सूत्र घाला, जिथे A1 मध्ये सुरुवातीचा आकडा, A2 मध्ये शेवटचा आणि कालावधी ५ वर्षे:

```
=(A2/A1)^(1/5)-1
```

एवढ्यावर थांबू नका, कारण यातही सुरुवात आणि शेवट नशिबाचे असतात. थोडा वेळ असेल तर ५ वर्षांच्या महिनाअखेरच्या आकड्यांतून प्रत्येक ३ वर्षांचा परतावा काढा: पहिल्या महिन्यापासून ३ वर्षे, दुसऱ्यापासून ३ वर्षे, असं सरकत. ६० महिन्यांत असे २५ टप्पे मिळतात. त्यांपैकी किती वेळा फंडाने आपल्या खऱ्या बेंचमार्कला मागे टाकलं, ते मोजा. आमच्या चित्रातल्या फंडाच्या रेग्युलर प्लॅनला ते २५ पैकी ९ वेळा जमलं. एका खांबापेक्षा ही मोजदाद कितीतरी जास्त बोलते. हे टप्पे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून त्यांना २५ वेगवेगळे पुरावे समजू नका.

चित्र सरळ सरळ फसवं असेल तर तक्रार कुठे करायची?

आधी फंड कंपनीच्या तक्रार विभागाकडे, चित्राचा स्क्रीनशॉट आणि कुठून आलं ते लिहून. समाधान झालं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर, scores.sebi.gov.in. ग्रुपवर भांडू नका. विक्रेता आपल्याच इमारतीत राहत असतो.

काकूंनी शेवटी काय केलं?

त्यांनी त्या विक्रेत्याला ग्रुपवरच विचारलं, “हा डायरेक्टचा आकडा आहे की तुम्ही मला देणार त्याचा? आणि निफ्टी ५०० टीआरआय किती?” उत्तर अजून आलेलं नाही. चित्र मात्र दुसऱ्या दिवशी डिलीट झालं होतं.